सीच्या पेपरात बरोबर लिहूनही केटी लागली, एचओडींना पत्र कसं लिहू?

ताई, मी एफ.वाय. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला आहे, भांडुपला राहते, कॉलेज ऑटोनॉमस आहे. सीच्या पेपरला ६० पैकी २१ आलेत, पासिंग २४ ला, म्हणजे सरळ केटी. आन्सरबुकची फोटोकॉपी काढली. पहिल्या प्रश्नातल्या सी उपप्रश्नात खालच्या कोडचं आउटपुट विचारलं होतं, ५ मार्क.

```c
int i = 5;
printf("%d %d", i++, i++);
```

मी लिहिलं की हे अनडिफाइंड आहे, एकाच व्हेरिएबलला एका एक्स्प्रेशनमध्ये दोनदा बदललंय म्हणून आउटपुट नक्की सांगता येत नाही. सरांनी शून्य दिला आणि बाजूला 6 5 लिहिलं. तिसऱ्या प्रश्नातल्या ए मध्ये ॲरेतला दुसरा मोठा नंबर काढायचा प्रोग्राम होता, १० मार्क. मी एकाच लूपमध्ये केला, सरांनी "सॉर्ट केलं नाही" लिहून २ दिले. मी रात्री बसून एचओडी मॅडमना पत्र लिहिलंय, सोबत पाठवतेय. आई म्हणते देऊ नकोस, हेच सर पुढच्या सेमला डेटा स्ट्रक्चर्स शिकवणार आहेत. काय करू?
— ऋ., भांडुप

ऋ., तुझं पत्र आणि फोटोकॉपीची दोन्ही पानं नीट वाचली. मी बरीच वर्षं सी शिकवलंय, पेपर तपासलेत, मॉडरेशनला पण बसलेय, त्यामुळे आधी सरळ सांगते: दोन्ही ठिकाणी तुझं म्हणणं बरोबर आहे आणि तू दाद मागायलाच हवी. पण जे पत्र लिहून ठेवलंयस ते देऊ नकोस. ते वाचून मॅडमना तुझा राग कळेल, पण पान कुठलं उघडायचं आणि त्यात काय बघायचं ते कळणार नाही, आणि एचओडीच्या टेबलावर निकालाच्या आठवड्यात असली पत्रं ढीगभर पडलेली असतात.

आधी एक गोष्ट क्लिअर करू कारण ही माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पत्रांत गोंधळलेली असते. तुझं कॉलेज ऑटोनॉमस आहे म्हणजे पेपर कॉलेजनेच काढला, कॉलेजनेच तपासला, आणि निकाल कॉलेजच्या एक्झाम सेलकडे आहे, म्हणून एचओडींना लिहिण्यात अर्थ आहे. हाच पेपर मुंबई युनिव्हर्सिटीचा असता तर एचओडींच्या हातात काहीच नसतं, तिथे युनिव्हर्सिटीचाच अर्ज, युनिव्हर्सिटीचीच मुदत. आणि ऑटोनॉमसमध्ये सुद्धा एचओडी स्वतः मार्क बदलत नाहीत. त्या एवढंच करू शकतात की उत्तर बघून एक्झाम सेलला लिहायचं की हे दुसऱ्या परीक्षकाकडून तपासून घ्या, किंवा मॉडेल आन्सरमध्ये अजून एक उत्तर मान्य करा. म्हणून पत्रात "माझे मार्क वाढवा" असं मागायचंच नाही, ते त्यांच्या अखत्यारीत नाही. जे त्या करू शकतात तेच मागायचं.

अजून एक. एक्झाम सेलच्या फॉर्मवर बहुतेक दोन रकाने असतात, एक व्हेरिफिकेशन म्हणजे रीटोटलिंग आणि दुसरा रीव्हॅल्युएशन. व्हेरिफिकेशनमध्ये फक्त बेरीज बरोबर आहे का, एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का, आतले मार्क पहिल्या पानावर नीट उतरलेत का एवढंच बघतात, दिलेल्या मार्कांना कोणी हात लावत नाही. फी कमी असते म्हणून मुलं तेच भरतात आणि नंतर "नो चेंज" आलं की रडतात. तुझ्या फोटोकॉपीत मी बेरीज करून बघितली, २१ बरोबर आहेत, सप्लिमेंट पण तपासलेली आहे, म्हणजे व्हेरिफिकेशनमधून तुला काही मिळणार नाही. तुला रीव्हॅल्युएशनच भरायचंय, सर्क्युलरमध्ये जी शेवटची तारीख असेल तिच्या आत, आणि एचओडींचं उत्तर येईपर्यंत थांबायचं नाही. पत्र हे फॉर्मच्या सोबत जातं, फॉर्मऐवजी नाही. फॉर्म भरण्याआधी कॉलेजच्या नियमात एक ओळ शोध: नवीन मार्क कमी आले तर कुठले धरणार? काही ठिकाणी जे येतील तेच फायनल असतात, वाढोत की घटोत. तुझ्या केसमध्ये मला घटण्याची भीती वाटत नाही पण वाचून ठेव.

आता मुद्द्याचं. तुझा सगळा राग पहिल्या प्रश्नावर आहे, पत्राचं दीड पान त्याच्यावर आहे आणि तिसऱ्या प्रश्नाला शेवटी दोन ओळी. हे उलट कर. हिशोब बघ ना, तुला ३ मार्क कमी पडतायत. तिसऱ्या प्रश्नात २ चे ५ झाले तरी तू पास आहेस, आणि तिथे मॉडेल आन्सर चूक आहे असं कोणाला म्हणावं पण लागत नाही, फक्त "ही दुसरी पद्धत पण चालते" एवढंच मान्य करायचंय. पहिल्या प्रश्नात मात्र मॅडमना आपल्याच डिपार्टमेंटच्या सहकाऱ्याचं उत्तर अपुरं होतं हे कागदावर मान्य करावं लागेल, आणि मग ज्या ज्या मुलांनी तुझ्यासारखं लिहिलं त्या सगळ्यांचे पेपर परत काढावे लागतील. तुझा मुद्दा कितीही खरा असला तरी हे काम मोठं आहे आणि त्याला वेळ लागेल. म्हणून सोपा मुद्दा वर, अवघड खाली.

तर तिसरा प्रश्न. फोटोकॉपीत तुझा लूप असा आहे:

```c
int max = a[0], sec = INT_MIN;
for (i = 1; i < n; i++) {
    if (a[i] > max) {
        sec = max;
        max = a[i];
    } else if (a[i] > sec && a[i] != max)
        sec = a[i];
}
```

मी 12 35 1 10 34 घेऊन हाताने चालवून बघितला. सुरुवातीला max 12. मग 35 आला, तो मोठा, म्हणून 12 खाली सरकून sec झाला आणि max 35. 1 आणि 10 ने काही हललं नाही. 34 हा max पेक्षा लहान पण sec पेक्षा मोठा, म्हणून sec 34. उत्तर 34, बरोबर. सगळे निगेटिव्ह घेतले, -5 -2 -9, तरी -5 येतं, बरोबर. खूप मुलं max आणि sec ला शून्य देऊन सुरुवात करतात आणि निगेटिव्हवर आपटतात, तू ती चूक केली नाहीस, हे पत्रात एका वाक्यात आलं पाहिजे कारण तपासणारा नेमकं तेच बघतो. आणि प्रश्नपत्रिकेत फक्त "प्रोग्राम लिहा" आहे, सॉर्ट करून काढा असं कुठेही छापलेलं नाही, हा तुझा सगळ्यात मजबूत मुद्दा आहे, त्यासाठी प्रश्नपत्रिकेची झेरॉक्स जोड आणि त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मार.

पण तुझ्या उत्तरात एक उणीव आहे आणि ती तू पत्रात लपवलीयस. वर `stdio.h` आहे, `limits.h` नाही, आणि `INT_MIN` तिथूनच येतो. जसंच्या तसं टाइप करून कंपाइल केलंस तर हे येणार:

```
error: ‘INT_MIN’ undeclared (first use in this function)
```

तुझ्या ड्राफ्टमध्ये लिहिलंय "माझा प्रोग्राम लॅबमध्ये रन केला, परफेक्ट चालला." म्हणजे तू टाइप करताना ती ओळ घातलीस. मॅडम फोटोकॉपी शेजारी ठेवून बघतील, पहिल्याच ओळीत फरक दिसेल, आणि मग तुझ्या बाकीच्या कागदांवर पण त्यांचा विश्वास राहणार नाही. त्यापेक्षा तूच सांग. दोन प्रिंट जोड, एक जसा लिहिला तसा, एररसकट, आणि दुसरा फक्त ती एक ओळ घालून, आउटपुटसकट. हाताने लिहिलेल्या पेपरात हेडर राहिलं तर एखादा मार्क जातो, ८ जात नाहीत, हे कुठलाही परीक्षक मान्य करेल. आपली चूक आधीच मांडणाऱ्या मुलीचं बाकीचं म्हणणं माणूस जास्त लक्ष देऊन ऐकतो, हे मी मॉडरेशनच्या टेबलावर बघितलंय.

मॅडमनी समोर बोलावलं तर अजून एक विचारतील: सगळे नंबर सारखे असले तर? म्हणजे 7 7 7. तुझा sec तिथे `INT_MIN` च राहतो आणि स्क्रीनवर -2147483648 छापला जाईल. हे तुला माहीत असू दे, "हो मॅडम, तिथे दुसरा मोठा नंबरच नाही, तो मेसेज मी द्यायला हवा होता" एवढं म्हण. उलट सरांच्या पद्धतीत, सॉर्ट करून शेवटून दुसरा घेतला की 12 35 35 वर उत्तर 35 येतं आणि तुझ्या पद्धतीत 12. कुठलं बरोबर हे प्रश्नात सांगितलेलं नाही. हा मुद्दा तुला सापडला की लगेच पत्रात घालावासा वाटेल, घालू नकोस. तुला तुझं उत्तर मान्य करून घ्यायचंय, सरांचं चूक ठरवायचं नाहीये, आणि ही गोष्ट घातली की चर्चा दुसरीकडेच जाते.

आता पहिला प्रश्न. ह्यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण हा प्रश्न वर्षानुवर्षं पेपरात येतोय, इंटरव्ह्यूच्या गाइडमध्ये येतोय, आणि तुझ्यासारखी बरोबर उत्तर देणारी मुलंच त्यात मार्क घालवतात ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सरांचं 6 5 हवेतून आलेलं नाही. जुन्या नोट्समध्ये एक नियम असतो, "प्रिंटएफचे आर्ग्युमेंट उजवीकडून डावीकडे सुटतात." उजवा `i++` आधी सुटला, त्याने 5 दिले आणि i झाला 6, मग डाव्याने 6 दिले, छापलं 6 5. हा नियम आला कुठून? टर्बो सीच्या काळात आर्ग्युमेंट स्टॅकवर उजवीकडून ढकलायची पद्धत होती आणि ती ढकलतानाच तो कंपायलर किंमत काढायचा, म्हणून तिथे तसंच दिसायचं. पण ती त्या कंपायलरची पद्धत झाली, सी भाषेचा नियम नाही. भाषेत आर्ग्युमेंट कुठल्या क्रमाने सोडवायचे हे मुद्दाम मोकळं ठेवलंय. आणि इथे प्रकरण फक्त क्रमाचं पण नाही, दोन `i++` एकाच i ला बदलतायत आणि दोघांच्या मधे सीक्वेन्स पॉइंट, म्हणजे आधीचे सगळे बदल पूर्ण झालेले असतात अशी जागा, नाही, अशा वेळी स्टँडर्डमध्ये, सी ९९ असो की सी ११, कलम ६.५ प्रमाणे वर्तन अनडिफाइंड आहे. म्हणजे तू जे लिहिलंस तेच. कोणीतरी म्हणेल की मधे कॉमा आहे आणि कॉमा हा सीक्वेन्स पॉइंट असतो. कॉमा ऑपरेटर असतो तेव्हा असतो, फंक्शनच्या आर्ग्युमेंटमधला कॉमा नुसता वेगळं करणारा असतो, तो ऑपरेटर नाही. हे वाक्य पाठ कर, तुला नक्की विचारतील.

आणि आता तुझ्या ड्राफ्टमधली सगळ्यात धोक्याची ओळ. "कोणत्याही कॉम्प्युटरवर रन करून बघा." बघतील ना! लॅबमध्ये gcc हा कंपायलर आहे, नेहमीच्या आपल्या मशीनवर त्यात हे रन केलं की 6 5 च येतं, सरांचंच उत्तर, आणि तुझं पत्र तिथेच संपलं. एका रनवरून अनडिफाइंड सिद्ध होत नाही, उलट तू खोटी ठरतेस. त्यामुळे दोन गोष्टी कर. एक, वॉर्निंग चालू करून कंपाइल कर:

```
gcc -Wall q1c.c
warning: operation on ‘i’ may be undefined [-Wsequence-point]
```

कंपायलर स्वतःच तुझं उत्तर छापतोय. ह्याचा स्क्रीनशॉट हवाच. दोन, तोच प्रोग्राम clang ह्या दुसऱ्या कंपायलरवर रन कर, तिथे 5 6 येतं, तो डावीकडून जातो, आणि `-Wunsequenced` ची वॉर्निंग पण देतो. एकच कोड, दोन कंपायलर, दोन आउटपुट, दोन्ही एकाच पानावर छाप. हे पान बघायला मॅडमना एक मिनिट पण लागणार नाही.

ह्याच्या जोडीला पुस्तक लागतं, कारण कॉलेजात स्क्रीनशॉटपेक्षा छापलेल्या पानाला वजन जास्त. कर्निगन आणि रिची यांचं सीचं पुस्तक, दुसरी आवृत्ती, विभाग २.१२. तिथे हेच उदाहरण थोड्या वेगळ्या रूपात दिलंय:

```c
printf("%d %d\n", ++n, power(2, n));   /* WRONG */
```

ही कॉमेंट त्यांचीच आहे. कंपायलर बदलला की उत्तर बदलू शकतं असं ते खाली स्पष्ट लिहितात. म्हणजे ज्यांनी सी घडवली त्यातलाच एक जण, रिची, हे सांगतोय. तुझ्या सिलॅबसच्या शेवटी रेफरन्स बुक्सची यादी असते, त्यात हे पुस्तक आहे का बघ, बऱ्याच सिलॅबसमध्ये असतं. असेल तर यादीचं ते पान पण जोड, मग ते "बाहेरचं पुस्तक" राहत नाही. लायब्ररीतून घेऊन त्या पानाची झेरॉक्स काढ, मोबाइलवरचा पीडीएफ दाखवू नकोस.

इथे मागायचं काय, ते पण जपून. सरांच्या 6 5 ला चूक ठरवा असं मागू नकोस. वर्गात तेच शिकवलं गेलं असेल तर ज्यांनी 6 5 लिहिलं त्यांचा काय दोष, त्यांचे मार्क जाऊ नयेत. "माझं उत्तर पण ग्राह्य धरावं" एवढंच. असं मागितलं की सरांना मागे हटायला जागा राहते आणि मॅडमना हो म्हणणं सोपं जातं. पाचपैकी पाच मिळतीलच असं मी म्हणत नाही, तू कारण दोनच ओळीत दिलंयस, पण शून्य नक्कीच नाही.

आईची भीती खरी आहे, मी ती उडवून लावणार नाही. म्हणून पत्र द्यायच्या आधी एकदा सरांना भेट. स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर नको, लेक्चर संपल्यावर, "सर, मी रीव्हॅल्युएशन भरतेय, त्याआधी तुम्हाला दाखवायचं होतं" म्हणून तीच दोन पानं दाखव. मला अनुभवाने सांगता येतं की पेपर तपासताना गठ्ठा मोठा असतो, हातात मॉडेल आन्सर असतं, "सॉर्ट" शोधत नजर फिरते आणि ते दिसलं नाही की हात आपोआप २ लिहितो, त्यात तुझ्यावर डूख वगैरे काही नसतं. कदाचित सर स्वतःच मॅडमना सांगतील. नाही पटलं तरी पत्र गेलं तेव्हा त्यांना ते दुसऱ्याकडून कळलं असं होणार नाही, आणि पुढच्या सेमला ह्याच गोष्टीचा सगळ्यात जास्त फरक पडतो.

तुझ्या ड्राफ्टमधून हे काढ: "जाणूनबुजून", "सरांना बेसिक माहीत नाही", "माझ्या मैत्रिणीला कमी लिहून जास्त दिले", आणि घरच्या परिस्थितीचा अख्खा परिच्छेद. मैत्रिणीचा तर अजिबात नको, तिचा पेपर विनाकारण उघडला जाईल. घरचं जे लिहिलंयस ते वाचून मला गलबलून आलं, पण त्याने प्रोग्राम बरोबर की चूक हे ठरत नाही, आणि मॅडमना वाटेल की मुद्दा कमजोर आहे म्हणून हे घातलंय.

आता पत्र. मी मराठीत देतेय, तुमच्याकडे अर्ज इंग्रजीत चालत असतील तर हेच इंग्रजीत कर, एका पानाच्या वर जाऊ देऊ नकोस.

प्रति,
मा. विभागप्रमुख,
कॉम्प्युटर सायन्स विभाग

विषय: सी प्रोग्रामिंगच्या पेपरातील प्र. ३ (ए) आणि प्र. १ (सी) यांच्या पुनर्तपासणीबाबत

महोदया,

मी एफ.वाय. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सची विद्यार्थिनी असून माझा सीट नंबर खाली दिला आहे. वरील पेपरात मला ६० पैकी २१ गुण मिळाले आहेत. मी रीव्हॅल्युएशनचा फॉर्म भरला असून पावती सोबत जोडली आहे. उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी पाहिल्यावर पुढील दोन उत्तरांकडे आपले लक्ष वेधू इच्छिते.

प्र. ३ (ए), १० पैकी २ गुण. प्रश्नात ॲरेमधील दुसरी सर्वात मोठी संख्या शोधण्याचा प्रोग्राम विचारला आहे, पद्धत नमूद केलेली नाही. मी सॉर्ट न करता एकाच लूपमध्ये उत्तर काढले आहे. माझ्या उत्तरात limits.h हे हेडर लिहायचे राहिले आहे, हे मला मान्य आहे. ते जोडल्यावर प्रोग्राम पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह दोन्ही प्रकारच्या संख्यांसाठी बरोबर उत्तर देतो. मूळ आणि हेडर जोडलेला असे दोन्ही प्रिंट सोबत आहेत.

प्र. १ (सी), ५ पैकी ० गुण. मी आउटपुट अनडिफाइंड असल्याचे कारणासह लिहिले आहे. gcc ची वॉर्निंग, दोन कंपायलरवरील वेगवेगळे आउटपुट आणि संदर्भग्रंथातील विभाग २.१२ ची प्रत सोबत जोडली आहे. अपेक्षित उत्तरासोबत माझे उत्तरही ग्राह्य धरता येईल का, याचा विचार व्हावा.

ही दोन उत्तरे दुसऱ्या परीक्षकांकडून तपासली जावीत अशी शिफारस आपण परीक्षा विभागाकडे करावी, ही विनंती. आपण बोलावल्यास मी प्रत्यक्ष येऊन माहिती देईन.

आपली विश्वासू,
(नाव, सीट नंबर, मोबाइल)

बस, एवढंच. कुठल्या पानावर उत्तर आहे तो पान नंबर प्रत्येक प्रश्नाशेजारी घाल, मी इथे घातला नाही. कागद ज्या क्रमाने पत्रात आलेत त्याच क्रमाने लाव, वर जोडपत्र १, जोडपत्र २ असं पेनाने लिही.

दोन प्रती काढ. एक डिपार्टमेंटच्या ऑफिसात दे आणि दुसरीवर पोच घे, तारीख, सही, इनवर्ड नंबर असेल तर तो पण. "ठेवून जा, मॅडम आल्या की देतो" असं शिपाईमामा म्हणाले तरी पोचशिवाय हलू नकोस, परत ये पण पोच घेऊन जा. त्याच दिवशी मॅडमच्या कॉलेजच्या ईमेलवर स्कॅन पाठव. आठवडाभरात काही कळलं नाही तर पोच घेऊन समोर जा आणि फक्त विचार की एक्झाम सेलला गेलंय का.

मॅडम नाही म्हणाल्या तर पुढे कॉलेजची विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते, यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे ती असायलाच हवी, आणि तिच्यावर युनिव्हर्सिटीने विद्यार्थ्यांसाठी नेमलेले लोकपाल. पण लोकपालांकडे नुसतं "मार्क कमी वाटतात" म्हणून पेपर परत तपासून मागता येत नाही, निकालावर परिणाम करणारी ठराविक गडबड किंवा भेदभाव दाखवावा लागतो. प्रश्नात नसलेली पद्धत न वापरल्याबद्दल मार्क कापले, हा तुझा मुद्दा ठराविक आहे, कागदावर आहे, म्हणून आत्ताच नीट मांडून ठेवलेलं हे पत्र तिथे पण तसंच्या तसं उपयोगी पडेल. आणि ज्यांना कॉलेज फोटोकॉपीच देत नाही अशा वाचकांसाठी जाता जाता: आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात बघता येते, हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच सांगितलंय. सरकारी किंवा अनुदानित संस्था असेल तर १० रुपयांच्या अर्जाने काम होतं.

शेवटचं, आणि हे विसरू नकोस. रीव्हॅल्युएशनचा निकाल यायच्या आधीच केटीच्या परीक्षेचा फॉर्म निघेल आणि बंद पण होईल. तो भर. फी वाया जाईल असं वाटेल, पण निकाल उशिरा आला आणि फॉर्म भरलेला नसला तर थेट पुढच्या वेळेपर्यंत थांबावं लागेल. केटीचा फॉर्म भरल्याने तुझी रीव्हॅल्युएशनवरची बाजू कमकुवत होत नाही, पास झालीस तर परीक्षेला बसायचं नाही, इतकंच. फॉर्मची पावती, पत्राची पोच आणि फोटोकॉपी तिन्ही एका फाइलमध्ये ठेव, आणि मॅडमचं उत्तर आलं की मला कळव, विशेषतः पहिल्या प्रश्नाचं काय झालं ते.